त्रिवार सरांची शीग

सरांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. मुलांच्या कैक तुकड्यांनी त्यांचं ‘त्रिवार सर’ असं बारसं केलं होतं, आणि त्याला कारण होते पत्र्याचे दोन डबे.

पहिला डबा लांबी, रुंदी, उंचीला सारखाच, पंधरा सेंटिमीटरचा. दुसऱ्याचं तोंड तेवढंच चौकोनी, पण खाली निमुळता होत टोकाला येणारा, म्हणजे उलटा धरलेला पिरॅमिड. पुस्तकात पहिल्याला चिती म्हणतात आणि दुसऱ्याला सूची. सर सूची वाळूनं भरायचे आणि चितीत ओतायचे. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ओतली की वाळू बरोबर काठाला टेकायची. मग हात झटकून सर वर्गाकडं बघायचे आणि म्हणायचे, “तळ सारखा, उंची सारखी, तर सूचीचं घनफळ चितीच्या एक तृतीयांश. हे त्रिवार सत्य!”

एखादा आगाऊ पोरगा विचारायचा, “पण सर, तीनच का? अडीच का नाही?”

“डोळे आहेत ना? मग बघितलंस की!” सर म्हणायचे. एवढ्यावर विषय मिटायचा. गणित हा विषय डोळ्यांनी मिटवता येतो असं मानणारा गणिताचा मास्तर तसा दुर्मीळच, पण सर मनाने सरळ होते. स्वतः पाहिलेल्यावर त्यांचा विश्वास होता, आणि ते तर दरवर्षी पाहत होते.

घरी मात्र याच माणसाचा मापाच्या बाबतीत मोठा जाच. दुकानदारानं तराजूचा काटा स्थिर व्हायच्या आत पिशवी उचलली तर सर तिथंच सभा भरवायचे. चहात साखर दोन चमचे, तेही सपाट. नवी सून घरात आली तेव्हा पहिल्याच सकाळी तिनं हौसेनं सरांसमोरच चमच्यावर शीग लावून साखर घातली. सरांनी कप खाली ठेवला. “सूनबाई, शीग लावली की ते माप राहत नाही, तो अंदाज होतो. सुरीच्या पाठीनं सपाट करून घालायची.” सून खमकी होती, पण शहाणीही होती. ती दुसऱ्या दिवसापासून सुरी घेऊनच चहाला उभी राहू लागली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “मी इतकी वर्षं डोळा चुकवून शीगच घालत आले गं. कधी कळलं नाही त्यांना.”

ही सूनही गणिताचीच शिक्षिका, आणि योगायोग असा की सर निवृत्त होणार त्या जागेवर त्याच शाळेत तिची नेमणूक झाली. सरांचा ऊर भरून आला. मुख्याध्यापिकाबाईंनी तर ठरवूनच टाकलं की निरोप समारंभात ते दोन डबे काचेच्या कपाटात ठेवायचे, खाली पितळी पट्टी लावायची, ‘त्रिवार सत्य’ अशी. बाकी काय मागं राहतं मास्तराचं? हजारभर मुलं जातात आणि रस्त्यात ओळख न देता पुढं निघतात. सरांच्या नावावर राहणार होते ते हे डबेच.

समारंभाच्या आदल्या दिवशी सरांनी वर्गात सुनेला पुढं बोलावलं. “मुलांनो, आजपासून या तुमच्या बाई. शेवटचं माप त्यांच्या हातून.”

सुनेनं पदर खोचला, सूचीत वाळू भरली, टेबलावरची पट्टी उचलली आणि काठावरून फिरवून वरची जादा वाळू खाली पाडली. मग ओतली. तसंच दुसऱ्यांदा. तसंच तिसऱ्यांदा.

वाळू काठाला पोचली नाही. चांगली बोटभर खाली राहिली.

 सरांनी डबा हलवून पाहिला. हलवल्यावर वाळू आणखी खाली बसली.

“नीट भरून घे ना गं!” सर पुटपुटले.

“काठोकाठच घेतली सर. सपाट.”

“वाळू दमट असेल,” सर वर्गाला म्हणाले. “दमट वाळू आकसते.” दमट वाळू आकसत वगैरे नाही, उलट फुगते. पण सर म्हणाले म्हणून वर्गानं मान डोलावली, आणि घंटा झाली.

शाळा सुटल्यावर सरांनी दोन्ही डबे पिशवीत घालून घरी आणले. चप्पल काढली ती सरळ पट्टी घेऊन डब्यांपाशी बसले. चिती पंधरा. सूचीचं तोंड पंधरा. उतरत्या भिंतीवरून टोकापर्यंत पंधरा. “बघ, सगळं बरोबर आहे!” असं ते ओरडणार होते, तेवढ्यात त्यांनी पट्टी सूचीच्या मधोमध सरळ उभी आत सोडली. तेरा.

सरांनी पट्टी बाहेर काढून पुन्हा सोडली. तेराच. चूक कुणाची हे त्यांना लख्ख आठवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी पत्रेवाल्याला त्यांनी स्वतः आकृती काढून दिली होती. ‘उंची १५’ असं लिहिलं होतं, पण ते उभ्या रेघेवर न लिहिता भिंतीच्या त्रिकोणावर लिहिलं. पत्रेवाल्यानं त्रिकोण पंधरा उंच कापले आणि जोडले. भिंत कललेली, म्हणून सूची तेरातच संपली. सरळ उंची आणि तिरकस उंची यांत घोळ करणाऱ्या मुलांना सर नेहमी बाकावर उभं करायचे.

“मग इतकी वर्षं बरोबर कसं यायचं?” सुनेनं हळूच विचारलं.

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्यांनी एकदा शाळेत जाऊन तो प्रयोग पाहिला होता. “शीग लावायचे गं. चांगली मुठी-मुठीनं वर चढवायचे. घरात सुरी आणि शाळेत शीग!”

सरांच्या हाताला ते ठाऊक होतं, डोक्याला नव्हतं. पहिल्या वर्षी कधीतरी वाळू कमी पडली असणार, हातानं थोडी वर चढवली असणार, आणि मग ती सवय झाली असणार. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि मुसळ हे असं हातात धरून.

“म्हणजे मी खोटं शिकवलं,” ते म्हणाले.  “सगळ्यांना. कोण जाणे तीन आहे की साडेतीन.”

 सासऱ्यांचा तिला राग यायचा तेवढाच लळाही होता. “बाबा, डबा चुकला, सूत्र नाही चुकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या डबे कपाटात जातील, कुलूप लागेल. कोण ओततंय पुन्हा?”

“सूत्र चुकलं नाही कशावरून? मी तर वाळूवरून सांगत होतो!”

तेव्हा सून उठली आणि थर्माकोल घेऊन आली, एक सेंटिमीटर जाडीचा. दोघांनी मिळून चौकोन कापले: पंधराचा, चौदाचा, तेराचा, असे पार एकापर्यंत. मधोमध एकावर एक रचले. पायऱ्यांची सूची तयार झाली, या वेळी खरोखर पंधरा उंच.

“हे काप,” ती म्हणाली. “टोकापासून निम्म्या उंचीवर काप निम्म्या बाजूचा, म्हणजे क्षेत्रफळ पाव. एक तृतीयांश खाली आलं तर एक नवमांश. काप टोकापासून किती लांब आहे, एवढ्यावरच त्याचं माप ठरतं. आता बघा.” तिनं सगळे काप एका कोपऱ्याकडं सरकवले. टोक मधून उठून थेट कोपऱ्याच्या डोक्यावर जाऊन उभं राहिलं. “काही वाढलं? काही घटलं?”

“तेच काप. नुसते सरकले.”

“म्हणजे वाकडी सूची आणि सरळ सूची, घनफळ एकच. पायऱ्यांचे दात सोडा, काप पातळ केले की दातही बारीक होत जातात.” मग तिनं पुठ्ठ्याच्या तीन वाकड्या सूची दुमडल्या. तिन्हींचा तळ पंधराचा चौकोन, टोक एका कोपऱ्याच्या बरोबर वर, पंधरा उंचीवर. तिन्ही टोकं एकत्र आणून तिनं त्या एकमेकींत बसवल्या. मध्ये फट नाही, बाहेर काही उरलं नाही. हातात अख्खा घन, चितीएवढाच.

सरांनी तो उघडला, बसवला, पुन्हा उघडला. तीन. नेमके तीन, आणि का तीन तेही समोर. उंची वेगळी असेल तर प्रत्येक काप त्या प्रमाणात जाड किंवा पातळ करायचा, चितीचाही आणि सूचीचाही, हे तर त्यांनी स्वतःच म्हणून दाखवलं. तळ तिकोनी असो की षटकोनी, टोकाकडं जाताना तो याच हिशेबानं आक्रसतो, हेही. बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. “एवढंसं होतं! आणि मी त्या पोरांना ‘डोळे आहेत ना’ म्हणत राहिलो.”

दुसऱ्या दिवशी समारंभाआधी त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंकडं एक तास मागून घेतला. सून म्हणाली, “बाबा, अजून विचार करा.” सर म्हणाले, “मूठ उघडू दे.”

वर्गात त्यांनी आधी डबा आणि पट्टी दाखवली. तेरा. “माझी चूक,” म्हणाले, आणि इकडंतिकडं न बघता म्हणाले. मग काप रचले, सरकवले, तीन सूचींचा घन केला. मुलं बाकांवर चढून बघत होती, कुणालाही खाली बसवलं गेलं नाही.

शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. “सर, पण शीग लावून चिती बरोबर तीनदातच कशी भरायची? वाळू जास्त होऊन सांडली का नाही?”

 सर खडू घेऊन फळ्याकडं वळले. सूची तेरा, हवी होती पंधरा. चिती वरून दोन सेंटिमीटर रिकामी राहते, तळ तोच. शीग म्हणजे तरी काय? त्याच चौकोनी तोंडावर उभा राहिलेला वाळूचा बसका ढीग, टोकाला निमुळता. दोन सेंटिमीटर उंच धरला तर तीही सूचीच! तळ तोच, उंची दोन. अशा तीन शिगा, आणि वरची रिकामी जागा दोन उंचीची चिती.

“तीन सूची, एक चिती,” मुलगी म्हणाली.

“म्हणजे माझी चूकसुद्धा…” सर म्हणाले. आपली लबाडी इतकी वर्षं आपल्याच सूत्रानं चालत होती, हे कळल्यावर हसावं की रडावं ते त्यांना ठरवता येईना. हातानं नेमकी दोन सेंटिमीटरची शीग शोधून काढली होती आणि डोक्याला पत्ता लागू दिला नव्हता. शेवटी ते हसले, आणि वर्गही हसला.

समारंभात पट्टी लावायची राहिली. सरांनीच नको म्हटलं. डबे सुनेनं वर्गात घेतले. दरवर्षी आधी सपाट भरून ओतायचं, मुलं चकली की मग काप काढायचे, असं तिनं ठरवलं. पितळी पट्टी मुख्याध्यापिकाबाईंच्या खणात अजून पडून आहे.

त्या संध्याकाळी सून चहा घेऊन आली. सरांनी घोट घेतला आणि कपाकडं पाहिलं.

“साखर जास्त आहे.”

“शीग लावलीय बाबा. आज सुरी घेतली नाही.”

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई बघत होत्या. सरांनी आणखी एक घोट घेतला, मग आणखी एक.

“माप बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि कप रिकामा करून तिच्या हातात दिला.