रामाकोन्याचा जड दगड

सौंसरच्या आमच्या शाळेत घनतेच्या प्रयोगाला प्रत्येकाने आपापला दगड आणायचा, असा माझा नियम आहे. म्हणजे आकडे उतरवता येत नाहीत.

प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला पांढुर्ण्याहून बाहेरचे सर आले. रामाकोना गावच्या एका मुलीचं सरकीच्या तेलाचं उत्तर त्यांना पटलं. रिकाम्या मोजसिलिंडरचं वजन वजा करून पन्नास मिलिलीटरचे सेहेचाळीस ग्रॅम, घनता ०.९२. दगडाचे गुण मात्र ते कापायला निघाले.

"चार पॉइंट एक? दगडाची पावणेतीन येते, बेटा. पाणी चुकीचं वाचलं तू."

"पुन्हा करते ना सर, तुम्हीच पाहा."

दगड ब्याऐंशी ग्रॅम. तिने तो दोऱ्याने सिलिंडरच्या पाण्यात सोडला, बुडबुडे झटकले, डोळा पातळीला आणला. पन्नास मिलिलीटरवरचं पाणी सत्तरवर आलं.

"एक मिलिलीटर चुकलं तरी तीन पॉइंट नऊ ते चार पॉइंट तीन येईल, सर. पावणेतीनसाठी पाणी ऐंशीवर पाहिजे. इतकी आंधळी नाही मी!"

सरांनी दगड हातात तोलला. "अरे, हा तं तुमच्याकडच्या खाणीतला मँगनीजचा आहे, म्हणून इतका जड!"

आम्ही सगळेच हसलो. त्यांनी पूर्ण गुण दिले आणि पांढुर्ण्याच्या पोरांना फसवायला दगड मागून नेला.