दुसऱ्या पिळाचं

माझी धाकटी जाऊ माझ्या शेजारच्या टेबलावर कामाला लागली ती माझ्याच वशिल्यानं, हे आधी सांगून टाकते. नंतर जे झालं त्यात माझी बाजू कुठंच उजवी नाही, तेवढं तरी माझ्या पदरात असू द्या.

त्रेसष्ट साल होतं. यरुशलेमच्या एका औषधाच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर लहानशी प्रयोगशाळा होती. आम्ही मराठी ज्यू, मुलूख सोडून इथं आलेलो. मी मुंबईची बी. एस्सी., आल्या आल्या दोन वर्षं बाटल्या धुतल्या, मग कुठं टेबल मिळालं. जाऊ कोकणातली, सातवी पास. इथं येऊन कारखान्याच्या संध्याकाळच्या वर्गात सहा महिने शिकली, एवढंच तिचं रसायनशास्त्र. दीर म्हणाले, "वहिनी, हिला लावून द्या ना कुठं तरी." मी साहेबांना शब्द टाकला. वाटलं, हाताखाली घरचंच माणूस, बरं पडेल. दळभद्री बुद्धी!

साहेब म्हणजे जर्मनीहून आलेले म्हातारे डॉक्टर, इथल्या भाषेत दोक्तोर. शब्द मोजून बोलायचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हां दोघींना एकच काम दिलं. एक औषध पाच पायऱ्यांनी बनवायचं, पहिल्या पायरीचा माल दुसरीत, दुसरीचा तिसरीत. पाचव्या पायरीनंतर ज्या टेबलाचा एकूण उतारा शेकडा पस्तीस किंवा वर, त्या बाईला क्वियूत, म्हणजे कायमची नोकरी. खाली राहिली तर पॅकिंगमध्ये, तीही हंगामी. दोघी वर गेल्या तर दोघी कायम. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला मात्र तेव्हाही शर्यतच ऐकू आली.

पस्तीस ऐकून जाऊ हसली. "शंभरातले पस्तीस? वहिनी, एवढं तर ढ मूल पण आणतं."

"अगं शहाणे," मी म्हटलं, "प्रत्येक पायरीला ऐंशी आले तरी शंभराचे ऐंशी, ऐंशीचे चौसष्ट, मग एकावन्न, एक्केचाळीस, आणि पाचवीला तेहेतीस. प्रत्येक वेळी उरलेल्यातला पाचवा भाग जातो. थोडं भांड्याला चिकटतं, थोडं गाळणीला, थोडं द्रावात विरघळून राहतं, थोडं भलतंच काहीतरी बनतं."

"आणि नव्वद आले तर?"

मी पाटीवर मांडलं. एकोणसाठ. पायरीमागे दहाचाच फरक, आणि शेवटी जवळजवळ दुप्पट. ती पाटीकडे बघत राहिली. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

पहिल्या पायरीला मला चौऱ्याऐंशी आले. छाती फुगली. मग तिचा आकडा साहेबांनी वहीत लिहिला: नव्वद. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता! नव्वद कसे? हिला तर टक्का काढायला मी शिकवला. ग्रॅमाशी ग्रॅम ताडायचा नसतो, रेणूचं वजन पायरीगणिक बदलतं. कागदावर जितका माल निघायला हवा, त्याच्या शंभरात खरा किती निघाला, तो उतारा. हे सगळं मी हिला माझ्या खर्चानं कॉफी पाजून समजावलं होतं.

माझ्या मनानं घेतलं, ही ओलं तोलते. माल गाळून नीट सुकवला नाही की त्यात अल्कोहोल राहतं, वजन फुगतं, आकडा फुगतो. नव्या माणसाची हमखास चूक. मी लगेच साहेबांच्या कानावर घातलं, वर म्हटलं, "घरचीच आहे, रागावू नका तिच्यावर." केवढा तो माझा मोठेपणा. साहेब उठले, तिची बशी पुन्हा दोन तास ओव्हनमध्ये ठेवली, पुन्हा तोलली. काटा तसूभर हलला नाही. मग त्यांनी वितळणबिंदू काढला, तोही चोख. "माल कोरडा आहे, शुद्ध आहे," ते म्हणाले, "तुमचं टेबल तिकडं आहे." मी तिकडं गेले.

ती काय करते ते मला दुसऱ्या पायरीला दिसलं. माल स्फटिक होऊन बसला की गाळायचा, आणि खाली उतरलेला द्राव सिंकमध्ये ओतायचा, अशी माझी मुंबईपासूनची सवय. ही ओतेना. तोच द्राव घेऊन भांडं धुवायची, ते गाळणीवर घ्यायची, मग तो खालचा द्राव मंद आचेवर निम्मा आटवायचा, फ्रिजमध्ये झाकून ठेवायचा. सकाळी तळाला आणखी स्फटिक. ते जरा मळके असायचे, म्हणून ते वेगळे पुन्हा धुऊन, पुन्हा स्फटिक करून, वितळणबिंदू जुळला तरच पहिल्यात मिसळायची.

"हे कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्यात?" ती म्हणाली. "नारळ एकदाच पिळून चोथा टाकतं का कुणी? मटणात दूध चालत नाही, आपलं सगळं नारळाच्या रसावर. पहिला पीळ दाट, दुसरा पातळ. पण तोही रसच की."

अगदी बरोबर होतं. पुस्तकातही तेच लिहिलंय, दुसरं पीक घ्यावं म्हणून. मी वाचलंही होतं. पण कॉलेजात घाई असायची, कुणी घेतलं नाही, मीही नाही. आता हिचं बघून करायचं? हिनं मटणाच्या रश्शावरून काढलेलं मी उचलायचं? मेले तरी नाही, असं मी ठरवलं, आणि तिच्यादेखत माझा द्राव सिंकमध्ये ओतला. दुसरीला मला ऐंशी, तिला एक्क्याण्णव. तिसरीला मला ब्याऐंशी, तिला एकोणनव्वद. घरी स्वयंपाक करताना मी गुणाकार करायची. माझे पंचावन्न उरले होते, तिचे त्र्याहत्तर. त्या दोन आकड्यांवर पोळी करपली तरी मला वास येत नसे. नवरा म्हणाला, "तुझं पस्तीस झालं म्हणजे पुरे ना?" मला पुरे नव्हतं. ती खाली यायला हवी होती.

चौथी पायरी मोठी हट्टी निघाली. गुरुवारी दुपारी माझा माल गाळून ओव्हनमध्ये गेला आणि मला दवाखान्याची वेळ गाठायची होती. मी पिशवी उचलली आणि मोठ्या जावेच्या तोऱ्यात म्हटलं, "खालचं ओतून टाक गं, आणि काच धुऊन ठेव." ती "बरं" म्हणाली.

शुक्रवारी तिची सुट्टी होती, शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा, स्वयंपाक त्या आठवड्यात तिच्याकडं. आमच्याकडं शुक्रवारी दुपारी टेबलं, फ्रिज सगळं आवरून जायची रीत होती, आणि पाळी माझी होती. माझा चौथीचा उतारा मी सकाळीच तोलला होता. अठ्ठ्याहत्तर. त्रेचाळीस उरले. म्हणजे पाचवीला ब्याऐंशी तरी हवे, नाहीतर गेले. अशा मनःस्थितीत मी फ्रिज उघडला.

तिच्या फळीवर एक बीकर होतं. वर काचेची झाकणी, तळाला बोटभर पांढरं बसलेलं, चिठ्ठी नाही. मला वाटलं, बघा बघा, चौथीतही हिनं दुसरं पीक लावलंय. चिठ्ठी नसलेलं सगळं शुक्रवारी टाकायचं, हा नियम साहेबांचाच. मला नियम फार प्रिय झाला. बीकर सिंकवर नेलं, गरम पाणी सोडलं, तळाचं पांढरं सुद्धा ब्रशनं घासून सोडून दिलं. खोटं कशाला बोलू. छान वाटलं. त्या रात्री मी तिच्या घरी बसून तिच्या हातचं मटण चवीनं खाल्लं.

रविवारी सकाळी ती माझ्या आधी आली होती, चेहरा खुललेला. फ्रिज उघडला, आत वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

"वहिनी, इथलं बीकर?"

"चिठ्ठी नव्हती," मी म्हटलं. "ओतलं."

ती वळली. "अहो, ते तुमचं होतं."

मला कळेना.

"गुरुवारचं. तुम्ही ओत म्हणालात, मी नाही ओतलं. आटवून ठेवलं. माझ्या फळीवर ठेवलं, तुम्हाला आज दाखवणार होते. आधी सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. चांगलं सहाएक टक्के तरी होतं त्यात." एवढं बोलली आणि आपल्या टेबलापाशी गेली, काचा पुसायला लागली.

सहा. अठ्ठ्याहत्तरचे चौऱ्याऐंशी. त्रेचाळीसचे सेहेचाळीस. मी पाचवी पायरी जीव ओतून केली. भांडं धुतलं, द्राव आटवला, दुसरं पीक घेतलं, लाज गुंडाळून ठेवली. तरीही ती पायरीच तशी, ऐंशीवर थांबली. साहेबांनी स्लाइड रूल, ती गुणाकाराची पट्टी, सरकवली, चष्मा वर केला. "चौतीस पूर्णांक चार." तिचे सत्तावन्न पूर्णांक सात.

मग ती मध्ये पडली. तिचं हिब्रू म्हणजे माझ्याहून वाईट, तरी उभी राहून म्हणाली, "चूक माझी. वहिनींचं चौथीचं दुसरं पीक होतं. मी चिठ्ठी नाही लावली. माझ्यामुळे गेलं. सहा धरा, म्हणजे सदतीस होतात." गुणाकार तिनं घरून करून आणला होता.

साहेबांनी पट्टी खाली ठेवली. "जे तराजूवर आलं नाही, ते वहीत येत नाही," ते म्हणाले आणि वही मिटली. मला पुढच्या आठवड्यापासून पॅकिंग.

आम्ही दोघी बसथांब्यावर उभ्या होतो. ऊन मावळत होतं. मी म्हटलं, "कशाला स्वतःवर घेतलंस?"

ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "वहिनी, माझं समजून ओतलंत ना?"

बस वळणावर दिसत होती. खोटं बोलायला वेळ होता. मी म्हटलं, "हो."

"मला रविवारीच कळलं होतं," ती म्हणाली, आणि बस आली तेव्हा तिनं माझी पिशवी धरून मला आधी चढू दिलं.

मी खिडकीशी बसले, ती शेजारी. मला रडू यायला हवं होतं, माफी मागायला हवी होती. काही आलं नाही. घर येईपर्यंत मला तिचा फक्त हेवा वाटत राहिला, आधीपेक्षा जास्त.