फरक भरून पहिल्या वर्गात

मला अक्षरओळख पाठ्यपुस्तकातून झाली नाही, कामगार चळवळीच्या पत्रकांतून झाली. वडील ती गठ्ठ्यांनी घरी आणत, आई कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिही आणि मी छापील बाजू वाची. त्यामुळे 'वर्ग' म्हणजे शाळेतली खोलीसुद्धा असते, हे मला इतर मुलांपेक्षा बरंच उशिरा कळलं.

पुढे चिंचवडला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली आणि मी लोणावळा लोकलचा पासवाला झालो. सेकंड क्लासचा, अर्थात. सकाळी शिवाजीनगरला चढायचं आणि बहुतेकदा उभं राहायचं. गाडी पुणे स्टेशनावरून भरूनच येई. आमचा पंचवीस-तीस जणांचा एक ग्रुप होता. बँकेतले, कारखान्यातले, एक-दोन शिक्षक. ठरलेल्या डब्यात ठरलेल्या कोपऱ्यात आम्ही असायचो, काहींना बाक मिळे, बाकीचे उभे. पत्र्याच्या आडभिंतीपलीकडे त्याच डब्याचा छोटासा भाग 'प्रथम वर्ग' होता. तिथे चार माणसं पाय पसरून पेपर वाचत असायची. माझ्यासारख्या माणसाला रोज सकाळी त्या पत्र्याकडे बघत उभं राहायला लावणं ही रेल्वेचीच चूक होती, असं मला अजूनही वाटतं.

ग्रुपमध्ये एक वयस्कर गृहस्थ होते. तळेगावच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. त्यांना सगळे काका म्हणत. एके दिवशी मी पाहिलं तर काका शांतपणे त्या चार माणसांच्या भागात चढत होते. संध्याकाळी परतीच्या गाडीत मी त्यांना गाठलं.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा काय?"

"वर्ग बदललात."

"वर्ग नाही रे बदलला. पाठ बदलली." त्यांनी खिशातून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. "हा माझा सेकंडचा पास. हे त्याचं ओळखपत्र. आणि हा सकाळचा फरक. फर्स्टचं एका वेळचं भाडं वजा सेकंडचं एका वेळचं भाडं. तिन्ही जवळ असले की मी फर्स्ट क्लास. नुसता पास दाखवला तर दंड, नुसता फरक दाखवला तरी दंड."

काकांच्या मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तळेगावपर्यंत उभ्याने प्रवास कराल तर ऑपरेशन अटळ. काकांची रजा केव्हाच संपली होती आणि दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते. तोवर कसंही करून, मोडून न पडता, कामावर जायचं एवढीच त्यांची धडपड होती. पाठ धरली की ते खिडकीवर फरक भरायचे, नाहीतर पासावर उभे राहायचे.

"मग सरळ फर्स्टचा पासच काढा की," मी म्हटलं. हे सुचवताना तोंड कडू झालं, पण हिशेब म्हणून सुचवलं. "रोज फरक भरण्यापेक्षा स्वस्त पडेल."

"तीन महिन्यांचा सेकंडचा काढून ठेवलाय. पाठीला विचारून काढला नव्हता."

त्याच सुमारास आमच्यातल्या एका शिक्षकाला टीसीने पकडलं. गर्दीत ढकलला जाऊन तो पहिल्या वर्गाच्या दारात उभा राहिला होता. दंड झाला. ग्रुप पेटला आणि मी तर पेटलेलाच होतो. प्लॅटफॉर्मवर सभा झाली. लोकलमधला पहिला वर्ग रद्द करा आणि तो भाग सगळ्यांना मोकळा करा, अशी मागणी ठरली. मी म्हणालो, विनातिकीट घुसू, अटक करून घेऊ.

"अटकेला किती वेळ लागतो?" बँकेतल्याने विचारलं.

"का?"

"हाफ डे पडेल ना."

दुसऱ्याकडे इन्स्पेक्शन होतं. तिसऱ्याच्या बायकोला कळलं असतं. तेव्हा मला काकांचं पाकीट आठवलं. कायद्याच्या आतूनच कायदा फोडायचा! आपण सगळ्यांनी एकाच दिवशी फरक भरायचा आणि पहिला वर्ग शिगोशीग भरून टाकायचा. टीसी काही करू शकणार नाही. पहिल्या वर्गात पाय ठेवायला जागा उरली नाही की पहिला वर्ग उरलाच कुठे? त्या रात्री मी पत्रक लिहिलं. 'हा फरक त्यांनी निर्माण केला. आज आपण तो भरू, उद्या पुसू.' वडिलांनी वाचून 'भरू' खाली रेघ मारली आणि कागद परत दिला.

काकांना पत्रक दिलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून पूर्ण वाचलं.

"सगळे तिकडे बसणार?"

"सगळे."

"आणि मी कुठे बसू?"

"काका, वर्गच राहणार नाही, तर जागेचा प्रश्नच राहणार नाही."

"प्रश्न राहील," काका म्हणाले. "जागा राहणार नाही."

ठरलेल्या सकाळी शिवाजीनगरच्या तिकीट खिडकीसमोर आमची रांग लागली. सगळ्यांत पुढे मी. आतल्या कारकुनाने माझा पास बघितला, ओळखपत्र बघितलं, मग माझ्यामागची रांग बघितली.

"सगळ्यांना फरकच पाहिजे? कुठे, लग्नाला?"

"निषेधाला."

"निषेध चिंचवडपर्यंतच ना? पास तिथपर्यंतच आहे तुमचा." त्याने बटणं दाबली. "हे फक्त जायचं. निषेध करून फर्स्टनेच परत यायचं असेल तर तिकडून वेगळा घ्या."

"आम्ही हा फरक कायमचा मिटवणार आहोत."

"मिटवा की. आज भरा आणि मिटवा. सुट्टे असतील तर बघा."

गाडी आली. आम्ही घोषणा देत पहिल्या वर्गात शिरलो. वर्गभेद मुर्दाबाद! ही घोषणा दोनदा झाली. तिसऱ्यांदा आवाज जरा कमी आला, कारण पुढची मंडळी बसली होती. गादी होती. बँकेतल्याने तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "बरी आहे हो." शिक्षकाने, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याने, पेपर उघडला. मी भाषण करायचं म्हणून उभाच राहिलो होतो. दाराशी बघतो तर काका.

त्या दिवशी त्यांची पाठ फारच धरली होती. म्हणून त्यांनीही फरक भरला होता, पण रांगेत शेवटी, कारण त्यांना भरभर चालता येत नव्हतं. एका हाताने दांडा आणि दुसऱ्याने कंबर धरून ते उभे होते. गाडी सुटली तेव्हा त्यांचे ओठ आवळले गेले.

"अरे, काकांना कोणीतरी जागा द्या," मी म्हटलं.

कोणी हललं नाही. अवघडून सगळे बाहेर बघू लागले.

"आपली माणसं आहात ना!"

"उद्या देतो," बँकेतला म्हणाला. "उद्या कुठेही असलो तरी देतो. आज फरक भरलाय रे."

हाच माणूस आदल्या दिवसापर्यंत रोज सेकंडमध्ये कोणासाठी ना कोणासाठी उठत असे.

खडकीला गाडी थांबली. जेवणाचा डबा घेऊन एक माणूस दारात चढू लागला, कामगारच, आमच्यासारखा. आणि आमच्यातला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा, ज्याला मी घोषणांसाठी पुढे ठेवला होता, तो त्याच आवाजात ओरडला, "पुढे, पुढे! दिसत नाही का, फर्स्ट क्लास आहे!"

मी काकांची पिशवी उचलली आणि त्यांचा दंड धरला. "चला."

"कुठे?"

"पलीकडे. आपला कोपरा रिकामा असणार. आपण सगळे इकडे आहोत."

आम्ही उतरलो. पुढचं दार दहा-पंधरा पावलांवर होतं, पण मणक्याची पावलं वेगळी असतात. मी ओढतोय आणि काका ओरडतायत, "पळू नकोस! माझ्याच्याने पळवत नाही. त्या गाडीला सांग काय सांगायचं ते!" गाडीने हलकासा झटका दिला तेव्हा त्यांचा एक पाय आत होता. आतल्या कोणीतरी त्यांना काखेत धरून उचललं.

आमच्या कोपऱ्यात खरंच जागा होती. काका बाकावर टेकले, डोळे मिटले आणि त्यांनी इतका लांब श्वास सोडला की शेजारच्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं. शेजारी कडक इस्त्रीचे दोन गृहस्थ होते. पहिल्या वर्गाचे रोजचे पासवाले! मी त्यांना पत्र्यापलीकडून कितीदा तरी तुच्छतेने पाहिलं होतं.

"आज तिकडे बसायची सोय नाही हो," त्यातला एक मला म्हणाला. "कोणीतरी चळवळीची माणसं भरलीयेत. इथे बरं, मोकळं आहे."

दापोडीनंतर टीसी आला. काकांनी सवयीने पाकीट उघडून पास, ओळखपत्र आणि फरक असं तिन्ही पुढे धरलं. टीसीने फरकाचं तिकीट उलटसुलट पाहिलं.

"हे फर्स्टचं आहे."

"हो."

"आणि बसलात सेकंडमध्ये."

"तिकडे जागा नाही."

"बसा. वरच्या वर्गाचं तिकीट खालच्या वर्गात चालतं. पैसे मात्र परत मिळणार नाहीत." मग माझं तिकीट पाहून म्हणाला, "तुमचंही तेच? आणि तुम्ही तर उभे! फरक भरून उभं राहणारा पहिलाच माणूस बघतोय मी."

आंदोलनाचा निकाल आठवड्याने खिडकीवरच्या कारकुनाकडून कळला. आम्ही दिलेल्या निवेदनाचं काय झालं म्हणून विचारायला गेलो होतो.

"वरून विचारणा झाली होती," तो म्हणाला. "एका दिवसात इतके फरक या खिडकीवरून कधी गेले नव्हते. पहिल्या वर्गाला चांगली मागणी आहे, असं मत पडलं. तुमचे आभार मानायला हवेत."

पुढच्या महिन्यात बँकेतल्याने फर्स्टचा पास काढला. त्याच्या मागोमाग आवाजवाल्याने, मग आणखी काहींनी. शिक्षक थोडे दिवस लाजला आणि मग त्यानेही काढला. एकदा गादीवर बसलेल्या माणसाला लाकडी बाक समजावून सांगणं हे कोणत्याही पत्रकाला जमत नाही, हे मी तेव्हा शिकलो. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते पत्र्यापलीकडून मला हात करायचे आणि मी खिडकीबाहेर बघायचो.

पण जेवढी माणसं पलीकडे गेली तेवढा आमचा कोपरा मोकळा झाला. काकांना रोज जागा मिळू लागली, खिडकीशी, साध्या पासावर. फरक भरणं त्यांनी बंदच केलं. पाठ सुधारली असं ते म्हणत नसत, पण तळेगावला ते माणसासारखे उतरायचे. दिवाळी जवळ येत होती.

एकदा मी नवं पत्रक लिहून त्यांच्याकडे घेऊन गेलो. फुटिरांना परत आणण्याची हाक होती ती. पहिल्या वर्गावर बहिष्कार, सर्वांनी पुन्हा एका डब्यात! काकांनी चष्मा वर केला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि कागदाची घडी घालून माझ्याच खिशात कोंबली.

"परत येतील हे?"

"आलेच पाहिजेत."

"इथेच? या कोपऱ्यात?"

"अर्थात."

काकांनी एकदा पत्र्याकडे पाहिलं आणि मग दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली.

"बाळा, तुझी समता येऊ दे. मी अडवत नाही," ते म्हणाले. "फक्त मी रिटायर होईपर्यंत तिला थोडं लेट कर."