खोकल्याची बाटली आणि सकाळची जीप

दारव्ह्याला बसस्टँडसमोर माझं औषधाचं दुकान आहे. यवतमाळची सकाळची जीप चालवणारा एक भाऊ खोकल्याची बाटली नेऊ लागला. आधी आठवड्याला एक, मग दिवसाआड. झाकणानं मापून नाही, सरळ तोंडाला! या औषधानं झोप येते, गाडी चालवू नये, असं लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचतं कोण? आणि माझी पोरगी रोज त्याच जीपनं कॉलेजात जाते.

आधी नशेचा संशय आला. पण नशेसाठी पोट्टे मागतात ती कोडीनची बाटली वेगळी, ती चिठ्ठीशिवाय मी कोणालाच देत नाही. यानं ती कधी मागितलीच नाही.

"आता बाटली मिळणार नाही," मी म्हटलं.

"काहून? पैसे देऊन राह्यलो ना! दुसरीकडून घेतो."

"घ्या की."

तो वळला तसा मी फोन उचलला आणि लाईनीतल्या सगळ्या दुकानांत सांगून ठेवलं. अर्ध्या तासात गडी लालबुंद होऊन परत.

"ताई, माह्या पोटावर पाय देता का?"

"देते! बसा खाली. कफ पडतो?"

"नाई. कोरडाच. घशात खवखव, आडवं झालं का जास्तच."

"दुसरं औषध कोणतं चालू आहे?"

"कोणतंच नाई."

"बीपी-शुगर?"

"बीपीची गोळी हाये, नेरच्या डॉक्टरची. ते का औषध हाये? ते तं रोजचंच!"

घ्या! आमच्याकडे रोजची गोळी औषधात धरतच नाहीत. खिशातून त्यानं गोळ्यांचा पत्ता काढला. कापून दिलेला, नावाचा अर्धाच तुकडा: '...प्रिल'. मला तेवढा पुरला. या जातीच्या गोळ्यांनी काहींना असा कोरडा खोकला लागतो, आणि गोळी बदलेपर्यंत कितीही बाटल्या रिचवा, जात नाही.

"मंग आजच बंद करतो गोळी."

"खबरदार! बीपी वाढून स्टिअरिंगवरच पडाल. आत्ताच्या आत्ता नेरला जा. आणि आज जीप चालवायची नाही."

डॉक्टरांना मीच फोन केला. त्यांनी गोळी बदलली. खोकला लगेच नाही गेला, काही आठवडे हळूहळू उतरत गेला. मधल्या काळात तो रोज दुकानासमोरून खोकत जायचा आणि मी रोज मान हलवून नाही म्हणायची.

परवा तो पेढे घेऊन आला. "ताई, तुमच्या पोरीलेही द्या. बाटली पेत होतो तवा बाजूच्या सीटवर बसून तिनंच जागं ठेवलं मले. डोळा लागला का दंडाले चिमटा घ्यायची."

संध्याकाळी मी पोरीवर कडाडले, "मला काहून नाही सांगितलं?"

ती पेढा खात म्हणाली, "तू त्यांची जीपच बंद केली असती. त्यांच्या पोरीची फी त्यावरच भरते ना, आई."

मी तिला जवळ ओढलं आणि रडले.