यशोधरावहिनींच्या घरातलं साडेचौदाचं घर

रामबागेत आमच्या शेजारी यशोधरावहिनी राहायच्या. त्यांचे यजमान पांडुरंगराव आधी दरबारच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं, दरबारचा बँड मोडला, तेव्हा ते क्लबाच्या बँडात गेले. तिथं पांढरा शर्ट, काळी पतलून, गळ्याला काळा बो आणि खांद्यावरून पतलून पेलणारे गॅलिसचे पट्टे. आम्हा बायकांना त्या गॅलिसांचं भारी हसू यायचं. मी विचारायची, "वहिनी, तुमचे यजमान पट्टे लावून निघाले, आज टांग्याला जुंपणार की बग्गीला?" वहिनी म्हणायच्या, "जुंपलेत ते मला. पट्टे काढले की ओढायचं कोण ते बघा."

शेवटच्या वर्षी पांडुरंगरावांना छातीचा आजार झाला. माणूस वाळत गेला. मान बारीक झाली, खांदे पुढे आले. तरी क्लबात जायचे. बो मागे पट्ट्याने बांधायचा असतो, पट्ट्यावर गळ्याच्या इंचांची घरं असतात, हव्या त्या घरात हूक अडकवायचा. वहिनी दर महिन्याला हूक एक घर आत घ्यायच्या. अखेर तो साडेचौदाच्या घरात आला नि तिथंच राहिला.

ते गेले तेव्हा त्यांचा मुलगा दिवाकर, बापाकडूनच क्लॅरिनेट शिकलेला, नुकताच क्लबात मदतीला लागला होता. बँडमास्तर म्हणाले, "बापाची जागा तुला देतो, पण दिवाळीपर्यंत वाजवून दाखव. नाही जमलं तर महूहून माणूस आणतो." घरात दुसरी कमाई नव्हती, आणि पोराला वाजवण्याखेरीज दुसरं काही येतही नव्हतं.

मग आली खंडेनवमी. आपण त्या दिवशी हत्यारं पूजतो, वाजवणारे वाद्य पूजतात. वहिनींनी पाटावर क्लॅरिनेट ठेवलं, त्याच्याजवळ बो आणि गॅलिस ठेवले. साडेचौदाच्या घरावर कुंकू लावलं, गॅलिसांच्या बकलांवरही लावलं, ती शेवटी जिथं बसवलेली होती तिथंच. मी म्हटलं, "अहो, कापडाला कुंकू?" त्या म्हणाल्या, "त्यांनी जिथं ठेवलंय, तिथंच राहील. पूजा झालेली वस्तू हलवत नाहीत." आता ह्याला कोण काय बोलणार.

दसऱ्याला दिवाकरनं ते सगळं चढवून अंगणात वाजवलं. मी ओट्यावर भाजी निवडत होते. दोनच ओळी वाजल्या नि माझ्या हातातली मेथी खाली पडली. वाजवता वाजवता सूर मधेच तुटत होता, खाली एक घरघर येत होती, मग पुन्हा धरायचा. अगदी शेवटच्या वर्षातले पांडुरंगराव. मी वर पाहिलं तर पोराचे खांदे पुढे झुकलेले, मान आत ओढलेली. पाठमोरा तर तोच माणूस. दिवाकर तेवीस वर्षांचा पोरगा, बापापेक्षा वीतभर उंच, छातीनं रुंद!

वहिनी दारात उभ्या होत्या. डोळे पुसत नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "आले."

रोज दुपारी त्या दिवाकरला तो पोशाख घालायला लावायच्या नि वाजवायला सांगायच्या. स्वतः पाट मांडून बसायच्या. चहा दोन कप करायच्या, एक त्याच्यापुढं. पोराला चहा आवडायचा नाही, बापाला आवडायचा. दिवाकर मुकाट्यानं प्यायचा. क्लबात मात्र रोज तमाशा. लोक नाचायला उभे राहायचे आणि मधेच ह्याचा दम तुटायचा. बँडमास्तरनं एकदा सर्वांसमोर सुनावलं, "बापाची जागा मागतोस की बापाचं दुखणं?"

दिवाकर आला नि मला म्हणाला, "काकू, मला खरंच भीती वाटते. मी वाजवतो तेव्हा मी नसतोच."

मला त्या पोशाखाचाच संशय होता. मी त्याला छावणी भागात चिंतामणराव शिंप्यांकडं नेलं, आणि वहिनींनाही ओढून नेलं. चिंतामणराव क्लबातल्या सगळ्यांचे पोशाख करायचे, आणि त्यांची जीभ सुईपेक्षा टोचायची. त्यांनी दिवाकरला उभं केलं आणि म्हणाले, "वाजव. तू पोशाख घालून वाजवताना मी बघणार. गळा वाजवताना फुगतो, नुसतं उभं करून माप घेतलं की फसतं."

तो वाजवू लागला. घरघर सुरू झाली. चिंतामणरावांनी टेप गळ्याला लावली. "नुसता उभा असताना पंधरा. वाजवताना साडेपंधरा. आणि हूक साडेचौदात? अरे भिया, ह्याचा गळा आवळून ठेवलाय! सूर बाहेर येतो कुठून, तेच नवल."

मग त्यांनी पतलुनीच्या पुढच्या बटणापासून खांद्यावरून मागच्या बटणापर्यंत टेप फिरवली. "बापाची पतलून बेंबीच्या वर चढायची, कंबरपट्टी उंच. ह्याची नवी पतलून कमरेवर बसते, म्हणजे पट्टी खाली गेली. त्यात पोराचं धड बापापेक्षा लांब. दोन्हीकडून लांबी वाढली. हे गॅलिस बकल पार टोकाला नेलं तरी आखूड. खांदे खाली खेचतायत, म्हणून पोर कुबडं काढतंय. बो चालेल वहिनी, त्याचा पट्टा सतरापर्यंत जातो. गॅलिस मात्र लांब मापाचे घ्यावे लागतील. बकल छातीच्या आसपास यायला हवं, टोकाला नको."

वहिनींनी त्या हुकाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे... ते आले नव्हते?"

चिंतामणरावांची जीभ पहिल्यांदा अडखळली. "वहिनी, आवळलेला हूक होता तो. बाकी मला नाही माहीत."

"हूक हलवला तर ते ऐकू येणार नाहीत," वहिनी म्हणाल्या.

बाहेरून टांग्याची टपटप ऐकू येत होती. दिवाकर म्हणाला, "आई, मी तसाच राहतो. जागा गेली तर गेली."

ह्या वाक्यानं वहिनी उठल्या. म्हणाल्या, "वाकून उभा राहून बोलू नकोस माझ्याशी." मग त्यांनी स्वतःच बो काढला. कुंकू लागलेल्या घरातून हूक सोडवायला त्यांना वेळ लागला. एक-एक घर मोजत साडेपंधरापर्यंत नेला, चिंतामणरावांनी एक बोट आत जातंय ना बघितलं. त्यांनीच दुकानातले लांब मापाचे नवे गॅलिस लावले, बकल छातीवर आलं. दिवाकरची पाठ ताठ झाली. त्यानं दम घेतला, आणि एक लांब सूर लावला. तुटला नाही. घरघर नाही. दुकानात गरम पाण्यासारखा पसरत गेला.

चिंतामणराव हसले. मी हसले. वहिनींनी डोळे मिटले आणि ऐकत राहिल्या, कुणाला तरी शोधत असल्यासारख्या. मग डोळे उघडले. त्या सुरात कुणी नव्हतं, नुसता दिवाकर.

दिवाळीला जागा पक्की झाली. महूचा माणूस आलाच नाही. पुढं वहिनी दुपारी पाट मांडेनाशा झाल्या. चहाही एकच कप करायच्या. एकदा मी त्यांच्याकडं बसले होते. दिवाकर आतल्या खोलीत, दारासमोरच वाजवत होता. त्याला आईचं उदास तोंड दिसलं असेल. त्यानं वाजवता वाजवता खांदे पुढं झुकवले, मान आत घेतली आणि मुद्दाम दम तोडून ती जुनी घरघर काढली. हुबेहूब.

वहिनी दचकल्या. क्षणभर त्यांचं तोंड उजळलं, मी पाहिलं. मग त्या आत गेल्या, पोराच्या दोन्ही खांद्यांना धरून त्याला मागं ओढलं, नि म्हणाल्या, "नको रे. सरळ उभा राहा."