पुसू नये

आमच्या कॉलेजात गणिताच्या सरांना मुलं ‘तीन ओळी’ म्हणत. समोर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कुठलंही गणित ते तीन ओळींत संपवत. चौथी ओळ लागली तर गणितच चुकीचं छापलंय असं त्यांचं मत. घरीही हाच खाक्या. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्या एकदा मला म्हणाल्या, “यांना आजारपण सांगायचं तरी तीन वाक्यांत सांगावं लागतं. चौथ्याला वर्तमानपत्र उघडतात.”

माणूस वाईट नव्हता. इस्त्रीचा शर्ट, खिशात रुमालात गुंडाळलेला स्वतःचा खडू, कारण कॉलेजचा खडू कुरकुरतो. शिकवणं इतकं स्वच्छ, की बाजूच्या वर्गात पदार्थविज्ञान शिकवता शिकवता माझाच कान तिकडे जायचा. पण त्यांना एक खोड होती आणि ती मला कधीच आवडली नाही. फळ्यावर एखाद्या पोराने लांबचा रस्ता धरला की ते त्याला मध्येच थांबवत, शेजारी स्वतःच्या तीन ओळी लिहीत, दोन्हींभोवती चौकट आखत आणि खाली लिहीत, ‘पुसू नये’. याला ते प्रदर्शन म्हणत. मग दिवसभर त्या खोलीत येणारा प्रत्येक वर्ग ते बघे आणि हसे. ज्याचं प्रदर्शन लागायचं तो पोरगा संध्याकाळपर्यंत मान वर करत नसे. मी दोनदा बोलले होते. “मॅडम, लाज वाटल्याशिवाय शॉर्टकट डोक्यात बसत नाही,” असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं होतं.

त्या दिवशी प्रदर्शन लागलं ते ‘मुंगी’चं. हे नावही सरांनीच ठेवलेलं. बारीक चणीची, सावकाश लिहिणारी, प्रत्येक पायरी दोनदा तपासणारी मुलगी. मी तिची वर्गशिक्षिका.

तिसऱ्या तासाला मी त्या खोलीत गेले तेव्हा फळा अर्धा अडलेला. मला खालचा कोपरा उरला होता. हजेरी घेता घेता मी चौकट वाचली. वर प्रश्न होता:

sin 3x + sin x = cos x

डावीकडे मुंगीचं बारीक अक्षर. तिने sin 3x चा विस्तार केला होता, घन आणला होता, वर्ग आणला होता, खोडलं होतं, पुन्हा लिहिलं होतं, आणि शेवटी इथवर पोचली होती:

cos x (4 sin x cos x − 1) = 0

इथेच तिला थांबवलेलं. उजवीकडे सरांचं टपोरं अक्षर:

2 sin 2x cos x = cos x
2 sin 2x = 1
sin 2x = 1/2

पहिली ओळ म्हणजे बेरजेचा गुणाकार करायचं सूत्र. दोन साइनची बेरीज दिसली की कोनांच्या निम्म्या बेरजेचा साइन, निम्म्या वजाबाकीचा कॉस, त्यांना दोनने गुणायचं. तीनही ओळी देखण्या होत्या. पुढे काय, पंधरा अंश, पंच्याहत्तर अंश, आणि प्रत्येकात अर्ध्या फेऱ्या मिळवत जा.

हजेरीत माझा आवाज अडखळला. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये सरांनी दोन्ही बाजूंचा cos x उडवला होता. भागून टाकला होता. आणि cos x जर शून्यच असेल तर? मी मनात नव्वद अंश घातले. साइन दोनशे सत्तर उणे एक, साइन नव्वद अधिक एक, बेरीज शून्य. उजवीकडे कॉस नव्वद, तोही शून्य. म्हणजे नव्वद अंश हे उत्तर आहे, धडधडीत आहे, आणि सरांच्या तीन ओळींत ते कुठेच नाही. मुंगीच्या ओळीत मात्र आहे. कंसाबाहेर तो cos x तिने जपून ठेवला होता.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. बरी जिरली म्हटलं. मग दुसऱ्या बाकावरची मुंगी दिसली, आणि आनंद ओसरला.

तास संपल्यावर ती माझ्या मागे व्हरांड्यात आली.

“मॅडम, तुमची सही हवी होती. गणित सोडून दुसरा विषय घेतेय. विषय बदलायचा आज शेवटचा दिवस आहे.”

“घरी विचारलंस?”

“आई म्हणाली, जमत नसेल तर कशाला जिवाला घोर.”

“फळ्यावरचं सरांचं उत्तर तपासलंस का?”

ती खाली बघत म्हणाली, “हो. सर लिहीत होते तेव्हाच. नव्वद राहिलं.”

“अगं मग बोलली का नाहीस?”

“सर हसत होते, मॅडम. सगळेच हसत होते. एवढं हसतायत म्हणजे माझंच काहीतरी चुकत असेल, असं वाटलं.”

सही शेवटच्या तासानंतर देते, असं सांगून मी वेळ मारून नेली.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सर चहा पीत होते. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि एवढंच म्हटलं, “सर, नव्वद घालून बघा.”

“कशात?”

“प्रदर्शनात.”

ते आधी चिडले. पदार्थविज्ञानवाल्यांनी गणितात नाक खुपसू नये, असं काहीतरी म्हणाले. मग पेन काढलं. एक ओळ लिहिली आणि थांबले. त्यांच्या मानेवरून लाली कानापर्यंत चढताना मी पाहिली. दरवर्षी पहिल्याच तासाला हा माणूस मुलांना बजावायचा, की जे शून्य असू शकतं त्याने भागू नका, एका बाजूला आणा आणि सामाईक काढा. स्वतःच्या हाताने केलेली चूक, स्वतःच्या हाताने आखलेली चौकट, आणि खाली स्वतःचाच हुकूम.

“किती वर्गांनी पाहिलं असेल?” त्यांनी हळूच विचारलं.

“सकाळपासून जे जे त्या खोलीत आले त्यांनी.”

चहा तसाच टाकून ते उठले. मी मागोमाग गेले. ते पुसायला निघालेत हे मला त्यांच्या चालीवरून कळलं, आणि मला त्यांचा राग आला.

पण खोलीत पोचलो तर फळा जवळजवळ कोरा झाला होता. मुंगी बाकावर उभी राहून चौकटीचा वरचा कोपरा पुसत होती. आम्हाला बघून ती घाईने खाली उतरली.

“पुसू नये लिहिलं होतं ना?” सर म्हणाले. सवयीने म्हणाले, आवाजात दम नव्हता.

“सॉरी सर. सुट्टीनंतर दुसऱ्या तुकडीचा तास आहे इथे. त्यांच्यात एक-दोघं फार हुशार आहेत. त्यांना कळलं असतं.” ती डस्टर हातातल्या हातात फिरवत होती. “तुम्हाला हसले असते.”

सर बाकावर बसले. मुलांच्या बाकावर, गुडघे अवघडून. त्यांनी रुमाल काढला, त्यातला खडू जमिनीवर पडला, तो कुणी उचलला नाही. सकाळी ज्या मुलीला त्यांनी पन्नास जणांसमोर उघडं पाडलं, ती त्यांना झाकायला निघाली होती. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. लाज त्यांची होती, पण तिथे उभं राहायचं मलाही जड गेलं.

शेवटचा तास त्याच वर्गावर सरांचाच होता. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. सर आले, कुणाकडे न बघता फळ्याकडे वळले आणि सकाळचं सगळं जसंच्या तसं पुन्हा लिहिलं. डावीकडे मुंगीच्या ओळी, उजवीकडे स्वतःच्या तीन.

“यातलं एक चूक आहे,” ते म्हणाले. “माझं.”

मागे कुणीतरी खुसफुसलं. सर थांबले, खुसफुस संपेपर्यंत थांबले, मग बोलायला लागले.

“बेरजेचा गुणाकार आपण हौसेने करत नाही. गुणाकार शून्य असेल तर दोघांपैकी एक तरी शून्य असतो, म्हणून करतो. उजवीकडे शून्य आणता येत नसेल, किंवा सामाईक काही निघत नसेल, तर सूत्र वापरून हाती काही लागत नाही. इथे निघत होतं. कॉस एक्स. आणि मी तो बाहेर काढायचा सोडून भागून टाकला. त्याच्याबरोबर नव्वद अंश गेले, दोनशे सत्तर गेले, एका फेरीतल्या सहा उत्तरांपैकी दोन गेली. हिची वाट लांबची होती. पण तिने काही टाकलं नव्हतं.”

मग त्यांनी खाली नवं समीकरण लिहिलं:

cos x cos 3x = cos 5x cos 7x

आणि खडू मुंगीपुढे धरला. “येशील? नाही म्हटलंस तरी चालेल.”

ती आली. समीकरण तिने एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वाचलं. सरांचे दोन्ही हात पाठीमागे होते, बोटं एकमेकांत घट्ट.

“सर, इथे आधीच गुणाकार आहे,” ती म्हणाली. “दोन्हीकडे. पण शून्य कुठेच नाही. मग उलटं करू? गुणाकाराची बेरीज?”

सरांनी नुसती मान हलवली. तिने दोन्ही बाजूंना दोनने गुणलं आणि सावकाश लिहिलं:

cos 4x + cos 2x = cos 12x + cos 2x

“कॉस दोन एक्स दोन्हीकडे आहे.” खडू हवेतच थांबला. “हा घालवला तर चालेल?”

“तूच सांग.”

“हा वजा होतोय. वजा करताना काही हरवत नाही. भागताना हरवतं.”

वर्गात कुणी हसलं नाही. उरलेल्या दोन कॉसची वजाबाकी तिने एका बाजूला घेतली, आता मात्र शून्य मिळालं म्हणून पुन्हा गुणाकार केला, आणि 2 sin 8x sin 4x = 0 लिहून ती बाजूला झाली. सहा ओळी झाल्या होत्या. सरांनी मोजल्या नाहीत.

तास सुटल्यावर मी दारात पेन काढून उभी होते. मुंगी समोरून गेली, थांबली, म्हणाली, “मॅडम, आईला सांगते, थोडा घोर असू दे,” आणि गेली.

मागे सर फळ्यापाशी होते. त्यांनी फक्त स्वतःच्या तीन ओळींभोवती चौकट आखली आणि खाली लिहिलं, ‘पुसू नये’. मग खडू रुमालात गुंडाळला.

फाटकापर्यंत आम्ही बरोबर चाललो. व्हरांड्यात मुंगी काय म्हणाली ते मी त्यांना सांगितलं. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलावं. म्हटलं, “सर, वर्गासमोर कबूल करायला हिंमत लागते.”

“ही तर बोलली,” ते म्हणाले. “तीही तुम्ही विचारलंत म्हणून. इतकी वर्षं मी चौकटी आखतोय, मॅडम. त्यातल्या किती जणांनी बाकावर बसून नव्वद घालून पाहिलं असेल, आणि मी हसत होतो म्हणून गप्प बसले असतील?”

हा आकडा काढायची आता सोय नव्हती. ते सगळे फळे संध्याकाळी कुणीतरी पुसले होते.