पाठ उचललेलं पिल्लू

चकलांब्याला राधाकिशनच्या ओसरीवर खिळ्याला एक लोखंडी साखळी टांगलेली होती. वारा आला की ती भिंतीवर खळखळ वाजायची, आणि केशरबाई चुलीपुढं दचकायची.

"आवं, काढून ठिवा की ती. मेलेल्याची वस्तू अशी वाजत ऱ्हावू न्हाई."

"ऱ्हाऊ दे," राधाकिशन म्हणायचा. "येणार हाय तिचा धनी."

साखळी सर्जाची. सर्जा म्हणजे कारवानी कुत्रा, उंच, सडसडीत, तांबूस अंगाचा. तो प्रदर्शनाच्या रिंगणात उतरला की बघणारे विडी पेटवायचं विसरायचे. उन्हाळ्यात तो म्हातारा होऊन गेला. जाण्याआधी त्याची एक शेवटची जोड लावली होती, शिरूर कासारच्या विजयसिंहदादांच्या वस्तीवरच्या मादीशी. रिवाज असा की ज्याचा नर, त्याला पिलांमधलं एक निवडीचं पिल्लू. ते आलं तर सर्जाचा वंश या अंगणात राहणार होता. नाही आलं तर पासष्टी ओलांडलेल्या राधाकिशनच्या हातून ती ओळ संपणार होती. त्याच्याकडं ना दुसरा नर होता, ना पुन्हा सुरुवात करण्याइतकं आयुष्य.

तसा राधाकिशन शेतकरी. कापूस, बाजरी, दोन म्हशी. पण माणसाला जन्म एका भूमिकेसाठी मिळतो आणि नाव मिळवून देते ती दुसरीच भूमिका, तसं त्याचं झालं. तरुणपणी तो जत्रांमधल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात रिंगणाची दोरी धरायला उभा राहायचा. काय दिवस होते ते! हलगी कडाडायची, फेटे हलायचे, आणि धुळीतून एकेक जनावर राजासारखं चालत यायचं. दोरी धरता धरता त्याची नजर तयार झाली. मग परीक्षकच त्याला हळूच विचारू लागले, आणि पुढं त्यालाच खुर्चीवर बसवू लागले. आता गुडघे गेले, जत्रा सुटल्या, तर लोक मोबाईलवर पिलांचे फोटो पाठवतात. 'तात्या, प्रदर्शनाला चालंल का?'

त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. 'ठेवणीचं हाय', नाहीतर 'घरचं हाय'. ठेवणीचं म्हणजे रिंगणात चालेल; घरचं म्हणजे चालणार नाही, पण लळा लावा. 'बाद' हा शब्द त्यानं आयुष्यात कुणाच्या पिलाला लावला नव्हता. बाद म्हटलेल्या पिलाला पुढं कोण कसं वागवतं, ते त्यानं पाहिलेलं होतं.

विजयसिंहदादा म्हणजे तालुक्यातलं वजनदार माणूस. दाराशी कायम चार गाड्या, पण कुत्र्यांचा नाद खरा. त्यांची लेक प्रियदर्शनी कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीत वस्तीवर पिलांतच बसलेली असायची. पिलं दोन महिन्यांची होत आली तशी राधाकिशननं तिला फोनवर फोटो कसा काढायचा ते शिकवलं.

"उभ्यानं काढू नगं बाय. वरून काढला की पाय आखूड दिसत्यात. खाली बस. मोबाईल पिलाच्या पाठीच्या उंचीला आण. जागा सपाट बघ. पिल्लू आडवं उभं कर, म्होरले पाय सरळ."

"आणि शेपटी धरू का, तात्या? मोठ्या शोमधी धरत्यात."

"धरू नगं. धरलेली शेपटी खोटं बोलती."

फोटो आले. राधाकिशन ते बोटांनी मोठे करून बघत बसला. एकावर नजर थांबली ती हलेना. तांबूस नर, छातीवर पांढरा टिळा, मागच्या डाव्या पायाचं एक नख पांढरं. कानाचं मूळ डोळ्याच्या रेषेच्या जरा वर आणि तिथून कान गालाला चिकटून सपाट पडलेला. पाठ सरळ आणि कमरेवर किंचित कमान, कारवानी जातीला हवी तेवढीच. शेपटी त्या कमानीच्या उतारावरून निघालेली, कोयत्यासारखी हलका बाक घेऊन खाली गेलेली, पाठीवर वळलेली नाही. अंगाची लांबी उंचीपेक्षा थोडीशीच जास्त. दोन महिन्यांच्या वयात पिल्लू जे माप दाखवतं तेच मोठेपणी परत येतं. मधे ते वेडंवाकडं वाढतं, पण परत येतं.

"केशर, बघ, सर्जाच उभा हाय!"

तिनं ओल्या हातानं मोबाईल धरला. "डोळे त्याचेच हायत," ती म्हणाली आणि साखळी काढायचं बोलली नाही.

ठरलं की ते पिल्लू इतरांपासून वेगळं ठेवायचं, आईची सवय मोडायची आणि येत्या आठवड्यात पाठवायचं. वस्तीवरच्या हनुमान गड्यानं त्याला शेडच्या मागं एका खोलीत ठेवलं. राधाकिशननं साखळीला तेल लावलं.

आणि मग तो फोटो आला.

दुपार होती. आभाळ राखेसारखं, पान हलत नव्हतं. प्रियदर्शनीनं फक्त एवढंच लिहिलं होतं, 'तात्या, उद्या निघतंय बघा तुमचं.'

राधाकिशननं फोटो उघडला आणि त्याच्या कपाळावरची शीर ताडकन उभी राहिली. कान मागं खाली पडलेले. शेपटी मांड्यांमधे. पाठ मधूनच उचललेली, कमरेवरची नव्हे तर बरगडीपासूनची कमान, उंटासारखी. चारी पाय पोटाखाली गोळा, त्यामुळं अंग लांबीला तुटकं, चौकोनी. चार बघायच्या गोष्टी आणि चारीत खोट.

"बदललं!" तो ओरडला. "केशर, माझं पिल्लू बदललं त्यांनी!"

"आवं, दादा असं कावून करतील?"

"चांगलं स्वतःला ठिवलं आन् उकिरड्यावरचं मला धाडत्यात. मी फोटो बघतो जन्मभर, मला डोळे न्हाईत?"

तिनं म्हटलं, जरा थांबा, पाणी प्या. तो थांबला नाही. ज्या बोटांनी कधी कुणाच्या पिलाला वाईट शब्द लिहिला नव्हता, त्याच बोटांनी त्यानं लिहिलं: 'हे माझं नव्हं. हे बाद. तुमच्याकडंच ठेवा.'

प्रियदर्शनीनं ते वडिलांना दाखवलं. थोड्या वेळानं फोन वाजला.

"राधाकिशनराव," विजयसिंहदादांचा आवाज थंडगार होता, "माझ्या अंगणात पिल्लू बदलतंय म्हणता?"

"फोटो बोलतोय, दादा. मी न्हाई."

"बरं. बाद तर बाद." आणि फोन खाली ठेवता ठेवता पलीकडं ते गड्याला म्हणाले ते ऐकू आलं, "हनुमान, सोड रे त्याला परत पिलांत."

राधाकिशनला ते शब्द ऐकून बरं वाटलं होतं. हे तो पुढं कधी विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा शहादेव चहाला आला. त्याच्या घरात शेरडं होती, टेम्पो होता आणि जिभेला हाड नव्हतं.

"काय बे म्हाताऱ्या, दादानं गंडवलं म्हणं तुला? बघू तरी ते ध्यान."

राधाकिशननं दोन्ही फोटो एकामागून एक दाखवले. शहादेव हसत हसत पाहत होता आणि मग म्हणाला, "ह्याची वाटी भरलेली हाय की काठोकाठ. उकाडा हाय एवढा, पाणी पीना व्हय?"

राधाकिशननं मोबाईल ओढून घेतला. फोटोच्या कोपऱ्यात ॲल्युमिनियमची पाण्याची वाटी होती. पिलाचं तोंड तिच्यावर लोंबत होतं, ओठ कोरडे होते, डोळे अर्धे मिटलेले. काल त्यानं ती वाटी पाहिलीच नव्हती. तो अंगाच्या रेषा मोजत होता.

त्यानं फोटो मोठा केला. छातीवर पांढरा टिळा. मागचा डावा पाय. एक नख पांढरं.

मग कान. कान खाली पडला होता, पण त्याचं मूळ? मूळ तिथंच होतं, डोळ्याच्या रेषेच्या वर. कान कुठं पडतो हे जनावराच्या मनावर असतं आणि कुठून निघतो हे हाडावर. शेपटीही तिथूनच निघाली होती, फक्त आत घेतलेली. पाठ उचलली होती म्हणून लांबी कमी भासत होती. हाडं आठ-दहा दिवसांत बदलत नाहीत. चार ठिकाणी खोट नव्हतीच. खोट एकच होती आणि ती पोटात होती.

"पोट दुखतंय त्याचं," तो म्हणाला. "शहादेव, ते आजारी हाय. आन् मी त्याला पिलांत सोडायला लावलं."

प्रियदर्शनीचा फोन बंद लागत होता. दादा उचलत नव्हते. तिसऱ्यांदा त्यांनी कापला.

"टेम्पो काढ," राधाकिशन म्हणाला.

वस्तीच्या फाटकावर हनुमान उभा होता. "दादा न्हाईत भेटायचे," तो म्हणाला. राधाकिशननं हात जोडले नाहीत, भांडलाही नाही. "पिलं कुठं हायत तेवढं सांग." गड्यानं त्याचं तोंड पाहिलं आणि फाटक सोडलं.

कुंपणाआड पिलं होती. एकाहून एक देखणी, ऊन खात, एकमेकांच्या कानाला लोंबत. मधोमध एकच परात होती आणि सगळी त्यातूनच चाटत होती. कोपऱ्यात ते तांबूस पिल्लू पाठ उचलून उभं होतं. त्याच्या मागं जमीन ओली होती आणि त्या ओलीत रक्त होतं. आई त्याच्याजवळ जात नव्हती. लांबूनच वास घेत होती आणि मागं सरत होती.

प्रियदर्शनी धावत आली. "तात्या, आज सकाळपासून खाईना ते. मला वाटलं रुसलंय."

"डॉक्टरला बोलीव. बाकीची पिलं बाजूला काढ. हात धुतल्याबिगर शिवू नगं."

सरकारी दवाखान्याच्या मोहिनी डॉक्टर आल्या तेव्हा विजयसिंहदादाही ओट्यावर येऊन उभे होते. डॉक्टरांनी पिलाच्या हिरड्या दाबून पाहिल्या, कातडी चिमटीत धरून सोडली. ती हळूहळू खाली बसली.

"अंगातलं पाणी आटलंय. पार्व्हो दिसतोय, पिलांच्या आतड्याचा रोग, एकाचा दुसऱ्याला लागतो. सलाईन लावते. पण उशीर झालाय."

"आन् बाकीची?" दादांनी विचारलं.

"लस अजून व्हायची होती ना? आता दिली तरी अंगात भिनायला वेळ लागतो. काल दुपारपासून एका परातीत खाल्लंय सगळ्यांनी. आज ती छानच दिसणार. आठवडाभर बघत राहायचं." त्यांनी ब्लीचिंग पावडर आणायला सांगितली आणि सगळ्यांच्या चपला बाहेर काढायला लावल्या.

राधाकिशन दादांपुढं गेला. "दादा, तुमी बदललं नव्हतं. माझी नजर चुकली. वेगळं होतं ते, तसंच ऱ्हायलं असतं तर बाकीच्यांना धोका नव्हता."

दादा ओट्यावरून खाली उतरले. मग म्हणाले, "मीही त्याच्याकडं न बघता सोडायला लावलं. रागानं." आणि हनुमानला म्हणाले, "तात्यांना खुर्ची दे."

ते पिल्लू संध्याकाळी गेलं. राधाकिशनच्या मांडीवरच गेलं. जाताना पाठ सरळ झाली आणि कमरेवर ती किंचित कमान दिसली, हवी तेवढीच.

त्यानंतर रोज सकाळी फोटो येऊ लागले. एकेक पिल्लू, सपाट फरशीवर, आडवं, मोबाईल पाठीच्या उंचीला. राधाकिशन ओसरीवर बसून ते बघायचा. आता त्याला कुणाचा कान बरा, कुणाची शेपटी कोयत्यासारखी, यातलं काही नको होतं. तो फक्त पाठ बघायचा. केशरबाई त्याच्या खांद्यामागून बघायची. साखळी वाजायची. इतक्या वर्षांत पिलांच्या फोटोंची त्याला भीती वाटली नव्हती.

मग एका सकाळी एक फोटो आला. मादी, फिकट तांबूस. कान वर, शेपटी सैल, डोळे टक्क उघडे. पाठ सरळ. की सरळ नाही? त्यानं बोटांनी मोठं केलं. बरगडीच्या शेवटी अगदी दोऱ्याएवढा उंचवटा होता. आदल्या दिवशीचा फोटो शेजारी आणला. तिथं तो नव्हता.

त्यानं फोन लावला. "उचल तिला."

"कुणाला, तात्या? ती तर आत्ता माझी ओढणी ओढत होती. खेळतेय की."

"खेळू दे. उचल आन् डॉक्टरकडं ने. उलटी व्हायची वाट बघू नगं."

"तात्या, नक्की ना? बाबा विचारतील."

ज्या नजरेनं एकाला मारलं, त्याच नजरेवर दुसऱ्याचा जीव सोपवायचा होता. "नक्की न्हाई, बाय," तो म्हणाला. "पण उचल."

दुपारी दुसरा फोटो आला. दवाखान्याचं लोखंडी टेबल, मोहिनी डॉक्टरांचा हात, पिलाच्या पायाला सलाईनची नळी. खाली लिहिलं होतं, 'इथं आल्यावर उलटी झाली. डॉक्टर म्हणतात, लवकर आणली. आशा आहे.'

मादीनं मान वर धरली होती. राधाकिशननं ते बराच वेळ पाहिलं. मग उठून खिळ्यावरची साखळी काढली आणि धान्याच्या कोठीमागं ठेवून दिली.

"कावून काढली आता?" केशरबाईनं विचारलं.

"वाजती म्हणून. आधी पिलं जगू देत," तो म्हणाला आणि पुन्हा ओसरीवर बसला, कारण उरलेल्या पिलांचे फोटो अजून यायचे होते.